कॉब अँगल: आकड्याला आकडा नाही, फिल्मला फिल्म लावा

नुकतेच ऑर्थो रेसिडेन्सीला लागलेल्यांसाठी किंवा ज्यांना स्पाइन ओपीडीचं पोस्टिंग आलंय त्यांच्यासाठी लिहितेय. कॉब अँगल कसा काढतात, दहा अंशांच्या पुढे गेलं की स्कोलिओसिस म्हणायचं, हे तुम्हाला माहीत आहे असं धरते. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलीची दुसरी फिल्म तुमच्या हातात आहे आणि समोर बसलेली आई विचारतेय, "डॉक्टर, वाढलंय का हो?" एका फिल्मवर अँगल काढायला आठवड्याभरात जमतं, पण दोन फिल्ममधला फरक खरा की खोटा हे कळायला मला फार वेळ लागला आणि अवघड फिल्म आली की अजूनही मी दोनदा मोजते.

आधी फिल्म. उभ्याने काढलेली, पूर्ण कणा आणि कमरेच्या हाडाची वरची कड दिसेल इतकी लांब, आणि पीए, म्हणजे किरण पाठीकडून आत जाणारे. वाढत्या वयातल्या मुलीच्या छातीला त्यात कमी डोस बसतो, आणि तिची अशी फिल्म काही एकदाच निघणार नाहीये. झोपवून काढलेली फिल्म तुलनेला घेऊच नका, आडवं झालं की वजन उतरतं आणि कर्व्ह आपोआप कमी दिसतो. पाय लहान-मोठे असतील तर लहान पायाखाली ठोकळा द्या आणि किती उंचीचा दिला ते लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी कोणी ठोकळ्याशिवाय काढेल आणि कमरेचा कर्व्ह बदललेला दिसेल. हे सगळं टेक्निशियनला स्वतः जाऊन सांगा, चिठ्ठीवर लिहून पाठवलं की होतंच असं नाही.

आता एक केस सांगते, कारण सगळा घोळ त्यात दिसतो. बारा वर्षांची मुलगी, पाळी आलेली नाही, रिसर शून्य, छातीच्या भागात उजवीकडे कर्व्ह. पहिल्या फिल्मच्या रिपोर्टवर लिहिलं होतं १४ अंश. पाच महिन्यांनी दुसरी फिल्म काढली, मोजणारा वेगळा, रिपोर्ट २१ अंश. सात अंश वाढ! वडील ब्रेसची चौकशी करूनच ओपीडीत आले होते आणि आई रडवेली झालेली.

दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्यावर कळलं की पहिल्या वेळी टी६ ते टी११ मोजलं होतं आणि दुसऱ्या वेळी टी५ ते टी१२. हाच तो सापळा आणि यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण मी स्वतः यात अडकलेय आणि दर वर्षी नवीन बॅच यातच अडकताना बघते. कॉब अँगल म्हणजे सगळ्यात जास्त कललेल्या दोन मणक्यांमधला कोन. वरचा किंवा खालचा एंड मणका एकाने जरी चुकला, आतला घेतला, तरी आकडा खाली येतो. म्हणजे ज्याने चुकीचे मणके घेतले त्याचा आकडा कमी येणार आणि नंतर ज्याने बरोबर घेतले त्याच्या फिल्मवर "वाढ" दिसणार. पोरीचा कणा होता तिथेच असतो.

एंड मणका शोधायची माझी पद्धत अशी आहे की मी आधी मणक्यांकडे बघतच नाही, डिस्कच्या जागा बघते. कर्व्हच्या आत प्रत्येक डिस्क बाहेरच्या, म्हणजे फुगीर बाजूला उघडी दिसते. टोकाकडे जाल तसं ते उघडणं कमी होतं, मग एक डिस्क जवळपास समांतर येते आणि त्यापलीकडे ती उलट्या बाजूला उघडायला लागते. जिथे हा पालट होतो तिथे तुमचा एंड मणका. शंका असेल तर शेजारच्या दोन्ही मणक्यांवर रेषा मारून बघा, ज्याचा कोन मोठा येईल तो घ्या. वरच्या मणक्याची वरची कड, खालच्या मणक्याची खालची कड, आणि रेषा मणक्याच्या पूर्ण रुंदीवर टेकलेली हवी, एका कोपऱ्यावरून अंदाजाने ओढलेली नको. वरच्या छातीत कड नीट दिसतच नाही कित्येकदा, तेव्हा दोन्ही पेडिकलच्या कडांवरून रेषा घ्या, पण मग दुसऱ्या फिल्मवरही पेडिकलच घ्यायचे. एकीकडे कड आणि एकीकडे पेडिकल असं केलंत तर त्या दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आणि मणके मोजताना वरून खाली मोजा, बरगड्या धरून. खालून वर मोजणाऱ्यांना एखादा जास्तीचा किंवा कमरेला चिकटलेला मणका असला की सगळे नंबर एकाने सरकतात आणि मग पुढच्या वेळचा टी१२ म्हणजे तुमचा टी११ होऊन बसतो.

तर आम्ही काय केलं, रिपोर्टवरचे दोन्ही आकडे बाजूला ठेवले आणि दोन्ही फिल्म एकाच माणसाने, एकाच बसण्यात, टी५ ते टी१२ अशा मोजल्या. जुनी आली १८, नवीन २१. फरक तीन. आता एकाच फिल्मवर दोन अनुभवी माणसांनी मोजलं तरी पाचेक अंशांपर्यंत इकडेतिकडे होतं, म्हणून पाचापेक्षा जास्त फरक आल्याशिवाय वाढ म्हणायचं नाही अशी साधारण पद्धत आहे. तीन अंशांवर ब्रेस नाही. आई-वडिलांना दोन्ही फिल्म दाखवून, रेषा दाखवून समजावलं, आणि मला वाटतं ते दाखवणं फार गरजेचं आहे, नुसतं "काही नाही, ठीक आहे" म्हटलं की ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातात आणि तिथे तिसराच आकडा निघतो.

पण इथेच थांबलात तर दुसऱ्या बाजूने पडाल. पाच महिन्यांनी तिसरी फिल्म काढली, तेच मणके घेऊन २५. मागच्यापेक्षा चार जास्त, म्हणजे पाचाच्या आत, आणि रिपोर्टवर आलं की विशेष बदल नाही. नाही हो! पहिल्या फिल्मपासून धरा, १८, २१, २५. दहा महिन्यांत सात अंश. प्रत्येक टप्पा मोजण्यातल्या चुकीच्या मर्यादेत बसतो म्हणून प्रत्येक वेळी सोडून दिलं तर कर्व्ह हळूहळू तुमच्या डोळ्यांसमोर चाळीसवर जाईल आणि कागदावर प्रत्येक वेळी "स्थिर" लिहिलेलं असेल. म्हणून मी प्रत्येक नवीन फिल्म दोन फिल्मशी लावते, लगेच मागची आणि सगळ्यात पहिली. पहिली फिल्म घरच्यांकडून मागून घ्या, सीडी हरवली असेल तर जिथे काढली तिथून काढून आणायला सांगा. नुसता रिपोर्टचा कागद चालत नाही, त्यावर रेषा नसतात.

कर्व्ह वाढता वाढता एंड मणका खरंच बदलूही शकतो, आधी टी१२ असायचा तो आता एल१ झाला असं. तेव्हा गोंधळून जाऊ नका. जुने मणके घेऊन दोन्ही फिल्म मोजा, नवे मणके घेऊनही दोन्ही मोजा, आणि दोन्ही जोड्या लिहा. दोन्ही जोड्यांत वाढ दिसतेय तर ती खरी.

आकड्याइतकंच वाढीचं वय महत्त्वाचं आहे. या मुलीची उंची दहा महिन्यांत १४६ वरून १५३ सेंटीमीटर झाली होती, पाळी अजून नाही, रिसर शून्य, म्हणजे वाढीचा जोर ऐन भरात. लॉनस्टीन आणि कार्लसन यांनी १९८४ मध्ये दाखवलं होतं की २० ते २९ अंशांचा कर्व्ह रिसर शून्य किंवा एक असताना ६८ टक्के मुलांत वाढला, आणि तेवढाच कर्व्ह रिसर दोन ते चार असताना २३ टक्क्यांत. आकडा तोच, पोरं वेगळी. रिसर शून्य म्हणजे एकच अवस्था असंही समजू नका, वाढीचा जोर येण्याआधीही रिसर शून्य असतो आणि जोर ओसरायला लागला तरी काही काळ शून्यच असतो. त्याच फिल्मवर खुब्याच्या खोबणीतली ट्रायरेडिएट कार्टिलेज उघडी आहे का बघा, आणि अडलं तर हाताचा एक्स-रे काढून सँडर्स स्टेज बघा. उंची मात्र प्रत्येक भेटीत स्वतः मोजा, ओपीडीत कोणीच मोजत नाही आणि ती फुकट मिळणारी माहिती आहे.

शॉर्टकटबद्दल माझं मत विचाराल तर व्ह्यूबॉक्सवरच्या फिल्मचा मोबाईलने फोटो काढून त्यावर अँगल काढू नका. फोन जरा तिरका धरला गेला की कोन बदलतो आणि तुम्हाला ते कळतही नाही. सुरुवातीला छापील फिल्मवर पेन्सिल आणि गोनिओमीटरने मोजा, मग पीएसीएसच्या टूलवर या, कारण टूल तुम्ही दिलेल्या रेषांमधला कोन काढतं, मणका बरोबर निवडला का हे त्याला माहीत नसतं. आणि सिनिअर निवडताना नुसता "बावीस" म्हणून पुढे जाणाऱ्याच्या मागे फिरू नका. माझ्या एक मॅडम होत्या, त्या आकडा विचारायच्याच नाहीत, "कुठून कुठपर्यंत?" एवढंच विचारायच्या आणि उत्तर आलं नाही तर पुढचा पेशंट बोलवायच्या. तेव्हा राग यायचा, पण माझा हात त्यांच्यामुळेच बसला.

केसपेपरवर मी आता असं लिहिते: उभी पीए, उजवा छातीचा कर्व्ह, टी५ ते टी१२, २५ अंश, कडांवरून मोजलं, रिसर शून्य, उंची १५३, पाळी नाही, पहिल्या फिल्मशी फरक ७, मागच्याशी ४. फिल्म सकाळी काढली की संध्याकाळी तेही टाकते, कारण दिवस सरेल तसा कर्व्ह थोडा वाढतो आणि शक्यतो प्रत्येक वेळी त्याच सुमारास काढलेली बरी. लिहायला दोन मिनिटं लागतात. पुढच्या वेळी तुम्ही नसाल, दुसरं कोणी मोजेल, त्याला तुमच्याच रेषा मारता आल्या पाहिजेत.

या मुलीला ब्रेस सुरू झाला, निर्णय अर्थात सरांचा. वाढ सिद्ध झालेली, २५ अंश, रिसर शून्य, त्यामुळे थांबायचं कारण उरलं नव्हतं. पण ब्रेस लागला की तुलनेचा नवा घोळ सुरू होतो तो ध्यानात ठेवा. पहिली फिल्म ब्रेस घालून काढतात, त्यात कर्व्ह किती सुधारतो ते बघायला, आणि त्यात तिचे १३ आले. घरच्यांना वाटलं की निम्मं बरं झालं. ते १३ ब्रेसने धरलेले आहेत, ब्रेस काढला की कणा पुन्हा आपल्या वळणावर जातो. वाढ थांबली का हे ठरवायला फिल्म ब्रेस काढून हवी, किती तास आधी काढायचा ते तुमच्या युनिटमध्ये ठरलेलं असेल ते प्रत्येक वेळी सारखंच ठेवा, आणि तिची तुलना १३ शी करायची नाही, ब्रेसच्या आधीच्या २५ शी आणि पहिल्या १८ शी करायची. केसपेपरवर आकड्याच्या शेजारी "ब्रेससह" किंवा "ब्रेसविना" हा शब्द नसेल तर तो आकडा मी वापरत नाही, फिल्म मागवून परत मोजते.