नव्या मशीनचे पैसे आधीच जमवा: सिंकिंग फंडाचा हप्ता कसा काढायचा

ताळेबंदात दरवर्षी घसारा दिसतो, म्हणून मशीन बदलायची सोय झाली असं अनेक वर्कशॉपवाले धरून चालतात. पण घसारा ही नुसती नोंद असते, तिने बँकेत एक रुपयाही बाजूला पडत नाही. शिवाय तो जुन्या खरेदी किमतीवर निघतो. खरा पैसा साठवायचा तर दरवर्षी ठरलेला हप्ता वेगळा काढावा लागतो. अशा साठ्यालाच सिंकिंग फंड म्हणतात.

आधी ठरवायचं ते उद्दिष्ट. समजा, आज सीएनसी लेथ 20 लाखांना मिळतो आणि तुमचा 6 वर्षांनी बदलायचा आहे. (जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर किंमत कराशिवाय धरा.) वर्षाला 5 टक्के भाववाढ धरली, तर तेव्हाची किंमत सुमारे 26.80 लाख होईल. जुनं मशीन 4.80 लाखांना जाईल असं धरलं, तर जमवायचे 22 लाख.

मग व्याजदर. इथेच बहुतेकांचं गणित फसतं. मुदत ठेवीवर 7 टक्के मिळत असले तरी त्यावर आयकर लागतो. 30 टक्क्यांच्या टप्प्यात हातात 5 टक्क्यांच्या आत-बाहेरच उरतात. म्हणून 5 धरा आणि एक्सेलमध्ये हे टाका:

```
=PMT(5%,6,0,-2200000)
```

उत्तर येतं 3,23,438 रुपये. दर वर्षअखेरीस एवढे भरायचे. 7 टक्के धरले असते तर हप्ता 3,07,551 आला असता. आकडा दिसायला बरा, पण हातात 5 टक्केच पडले तर सहाव्या वर्षी सुमारे 1 लाख 8 हजार कमी पडतात, तेही नेमके नव्या मशीनची ऑर्डर द्यायच्या वेळी.

हे सूत्र वर्षअखेरीच्या हप्त्याचं आहे, त्यामुळे शेवटच्या हप्त्यावर व्याज धरलेलं नाही. वर्षाच्या सुरुवातीला भरणार असाल तर शेवटचा कंस बंद होण्याआधी `,1` जोडा. तसं केल्यास हप्ता 3,08,037 होतो.

पैसे चालू खात्यात ठेवू नका, पगाराच्या आठवड्यात ते हमखास वापरले जातात. वेगळ्या मुदत ठेवी करा आणि त्यांची मुदत खरेदीच्या तारखेच्या थोडी आधी संपू द्या.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी शिल्लक तपासा. ती 10,19,638 हवी. समजा 9,80,000 च आहे, तर ती शिल्लक उरलेल्या तीन वर्षांत 5 टक्क्यांनी 11.34 लाखांपर्यंत जाईल. राहिलेल्या 10.66 लाखांसाठी हप्ता सुमारे 3,38,000 करावा लागेल. त्याच वेळी मशीनचं नवं कोटेशनही मागवा. भाव धरल्यापेक्षा जास्त वाढला असेल तर आधी 22 लाखांचा आकडा बदला, मगच हप्ता काढा.