मधूनच प्लॅन बदलताना या चुका टाळा : उरलेले वीस दिवस जातात कुठे?

"अजून वीस दिवस बाकी होते ना, मंग पैसे कायले कापले?" तालुक्याच्या ऑनलाइन सेवा केंद्रावर हा प्रश्न आता पीकविम्याच्या प्रश्नाइतकाच नेहमीचा झाला आहे. मुलीने पोलीस भरतीच्या सराव-चाचण्यांचं अ‍ॅप घेतलं, महिन्याच्या मध्येच साधा प्लॅन सोडून मोठा घेतला आणि आठवड्याभरात आईच्या खात्यातून पैसे गेले. बहुतेक वेळा यात फसवणूक नसते. उरलेल्या दिवसांचा हिशेब अ‍ॅपने एका रीतीने केला आणि घरच्यांनी दुसऱ्या रीतीने धरला, एवढंच.

खालच्या उदाहरणातले आकडे हिशेब सोपा जावा म्हणून घेतले आहेत. साधा प्लॅन महिन्याला ९० रुपये, म्हणजे दिवसाला ३. मोठा प्लॅन २७० रुपये, म्हणजे दिवसाला ९. साधा प्लॅन १ जूनला सकाळी दहाला घेतला आणि ११ जूनला सकाळी दहाला मोठ्यावर उडी मारली. तेव्हा वीस दिवस, म्हणजेच ६० रुपये शिल्लक होते.

पहिली चूक : शिल्लक दिवसांत मोजणं

शिल्लक रुपयांत मोजा. ६० रुपयांत नऊ रुपये रोजाचा प्लॅन ६ दिवस १६ तास चालतो. गूगल प्लेवरची बरीच अ‍ॅप्स हीच पद्धत वापरतात. त्या क्षणी एक रुपयाही जात नाही, मोठा प्लॅन लगेच सुरू होतो आणि 'फुकटात झालं' असं वाटतं. पण पुढची कपात १ जुलैला न होता १८ जूनच्या पहाटे दोनला होते, पूर्ण २७० रुपयांची. त्यानंतर दर महिन्याची तारीखही १८ होऊन बसते. मृग लागून गेलेला, खात्यातले पैसे बियाण्यात आणि खतात गेलेले, अशा ऐन पेरणीत ही कपात येते आणि खात्यात पैसे नसल्याने परत जाते. मग अ‍ॅप पैसे भरायला काही दिवस मुदत देतं किंवा थेट बंद पडतं.

दुसरी पद्धत फरक घेण्याची. वीस दिवसांचा रोजचा फरक ६ रुपये, म्हणून त्याच वेळी १२० रुपये जातात आणि तारीख १ जुलैच राहते. तिसऱ्या पद्धतीत २७० रुपये लगेच घेतात आणि जुन्या ६० रुपयांचे ६ दिवस १६ तास पुढच्या महिन्याला जोडून देतात. आयफोनवर तर मोठ्या प्लॅनचे पूर्ण पैसे घेऊन जुन्याची उरलेली रक्कम ज्या मार्गाने भरली होती त्याच मार्गाने परत पाठवतात.

तिन्ही-चारही पद्धतींत मोठ्या प्लॅनचा रोज नऊ रुपयेच पडतो, कोणी लुटत नाही. फरक पडतो तो पैसे कधी लागणार यात. भरतीची परीक्षा जूनअखेरीस असेल आणि पुढे अ‍ॅप नकोच असेल, तर १२० रुपयांचा मार्ग सगळ्यात स्वस्त पडतो. पण पद्धत निवडणं ग्राहकाच्या हातात नसतं, ते अ‍ॅपवाला ठरवतो. म्हणून शेवटचं बटण दाबण्याआधी पैसे भरण्याच्या पडद्यावर दोनच गोष्टी वाचा : आज किती जाणार आणि पुढची कपात कोणत्या तारखेला. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट ठेवला तर पुढे भांडायला कागद होतो.

महिन्यावरून वार्षिक प्लॅनवर जाताना धक्का आणखी मोठा बसतो. वार्षिक १८२५ रुपये, म्हणजे दिवसाला ५ धरले, तर ६० रुपयांत बारा दिवस मिळतात. तेराव्या दिवशी एकदम १८२५ रुपयांची मागणी येते.

दुसरी चूक : आधी जुना रद्द करून मग नवा घेणं

हे नीटनेटकं वाटतं, पण नुकसान बहुधा इथेच होतं. प्लॅन रद्द केला म्हणजे फक्त पुढची कपात थांबली, उरलेल्या दिवसांचे पैसे परत येत नाहीत. मग दुसरीकडून नवा घेतला की त्याचे पूर्ण पैसे जातात आणि जुन्याचे वीस दिवस नव्यात धरले जात नाहीत. बदल नेहमी त्याच अ‍ॅपमध्ये, त्याच खात्यातून, 'प्लॅन बदला' या मार्गाने करायचा.

'त्याच खात्यातून' यावरच जास्त घोळ होतात. फोन वडिलांचा, जीमेल मोठ्या भावाचं, अ‍ॅपमधला नंबर मुलीचा. जुना प्लॅन एका जीमेलवर आणि नवा दुसऱ्यावर घेतला तर गूगलच्या लेखी ते दोन वेगळे ग्राहक, आणि दोन्हीकडून कपात चालू राहते. रिचार्ज किंवा डिशच्या पॅकसोबत आलेला प्लॅनही अ‍ॅपमधून वाढवता येईलच असं नाही, कारण त्याचे पैसे त्या कंपनीमार्फत येतात.

दुहेरी कपात ओळखायची असेल तर प्ले स्टोअरमध्ये उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातल्या चित्रावर बोट ठेवा, `Payments & subscriptions` मध्ये जा आणि `Budget & history` उघडा. पावतीचा क्रमांक `GPA.` ने सुरू होतो. त्याच प्लॅनच्या पुढच्या महिन्यांच्या पावत्यांना तोच क्रमांक असतो, फक्त शेवटी `..0`, `..1` अशी शेपूट लागते. प्लॅन बदलला की क्रमांक नवा होतो, आणि त्यानंतर जुन्या क्रमांकाची शेपूट वाढायला नको. ती वाढत असेल तर दोन प्लॅन चालू आहेत. फोनमध्ये जितकी जीमेल असतील तितक्यांवर हे तपासा.

चुकून घेतलेल्या खरेदीचा परतावा गूगल प्लेकडे ४८ तासांच्या आत मागता येतो. त्यानंतर आधी अ‍ॅपवाल्याशीच बोलावं लागतं.

तिसरी चूक : ऑटोपेची परवानगी विसरणं

यूपीआय ऑटोपेत कमाल रकमेची मर्यादा ठरलेली असते. ९० रुपयांच्या प्लॅनला दिलेली परवानगी २७० ला पुरेलच असं नाही, म्हणून बदलताना नवी परवानगी आणि पुन्हा पिन मागतात. आई शेतात, पिन तिच्याकडे, आणि नेटवर्क येतं ते फक्त गच्चीवर, असं असेल तर व्यवहार अर्धवट लटकतो. खातेदार शेजारी बसलेला असतानाच हे काम करा.

नवा प्लॅन सुरू झाल्याची पावती आल्यावरच यूपीआय अ‍ॅपच्या `Autopay` भागात जाऊन जुनी परवानगी काढा, आणि ती त्याच अ‍ॅपची आहे ना हे नाव पाहून घ्या. उलट क्रमाने केलं तर मधल्या काळात कपात फसते आणि प्लॅन अडकतो. नुसती परवानगी काढल्याने प्लॅनही रद्द होत नाही, तो अ‍ॅपमध्ये वेगळा रद्द करावा लागतो.

लहान प्लॅनवर उतरताना

इथे घाबरण्यासारखं फारसं नाही. आयफोनवर आणि गूगल प्लेवरच्या बऱ्याच अ‍ॅप्समध्ये मोठा प्लॅन मुदत संपेपर्यंत चालतो आणि लहान त्यानंतर सुरू होतो, त्यामुळे शेवटच्या दिवसाची वाट पाहण्यात काही मिळत नाही. उलट, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कपातीची सूचना किमान २४ तास आधी येते, आणि तो मेसेज पाहून धावपळ सुरू केली की सर्व्हर नेमका तेव्हाच दगा देतो. तीन-चार दिवस आधीच बदल करा आणि `Subscriptions` मध्ये पुढच्या तारखेसमोर लहान प्लॅनची रक्कम दिसते का ते पाहा. ती मोठीच दिसत असेल तर बदल झालेला नाही.