समाधानी नोकरीत असताना रिक्रूटरचा मेसेज आला, तर उत्तर देताना या चुका टाळा

साताऱ्याच्या एमआयडीसीत क्वालिटी इंजिनिअर असलेल्या माझ्या एका मित्राला चाकणच्या एका जागेसाठी रिक्रूटरचा मेसेज आला. घर स्वतःचे, वरिष्ठ चांगले, त्यामुळे नोकरी बदलण्याची घाई नव्हती. तरीही त्याने लगोलग उत्तर धाडले: 'सध्याचा सीटीसी 7.2 लाख, अपेक्षा 30 टक्के वाढ, सीव्ही सोबत आहे.'

पहिली चूक आकडा आधी सांगण्याची. त्या जागेसाठी 10 ते 12 लाखांची तरतूद होती, हे त्याला नंतर कळले. पण बोलणी तोवर 9.36 लाखांवर अडकली होती. शिवाय त्यातले 1.2 लाख कामगिरीवर अवलंबून होते. म्हणजे निश्चित रक्कम 8.16 लाख, त्यातून चाकणचे महिना 12,000 रुपये घरभाडे, म्हणजे वर्षाचे 1.44 लाख, वजा केले की उरतात 6.72 लाख. सध्याचे 7.2 लाख पूर्णपणे निश्चित असताना ही वाढ कसली? म्हणून रिक्रूटरने आकडा विचारलाच, तर 'जागेची वेतनमर्यादा आणि त्यातला निश्चित भाग कळला, की माझी अपेक्षा सांगतो' असे लिहावे. समाधानी माणसाला थांबणे परवडते, आणि हाच त्याचा खरा आधार असतो.

दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते: कंपनीचे नाव न विचारता सीव्ही पाठवणे. रिक्रूटर बाहेरचा कन्सल्टंट असेल, तर त्याची फी कंपनी देते, आणि ज्याच्याकडून सीव्ही आधी आला त्याचा त्या उमेदवारावर काही महिने हक्क आहे, असे बऱ्याच कंपन्या मानतात. उद्या त्याच कंपनीतल्या ओळखीच्या माणसाने तुमचे नाव सुचवले, तरी ती शिफारस बाद होऊ शकते. सीव्ही फिरत फिरत आपल्याच कंपनीच्या एचआरपर्यंत पोहोचण्याचा धोका वेगळाच. ज्या रिक्रूटरकडे खरोखर भरतीचे काम सोपवलेले असते, तो जबाबदारी, ठिकाण आणि वरिष्ठाचे पद सांगू शकतो. नुसते 'आधी सीव्ही पाठवा' म्हणत राहणाऱ्यापासून सावध राहावे. नोंदणीसाठी पैसे मागणाऱ्याशी तर बोलणेच थांबवावे.

मेसेजला उत्तरच न देणे, किंवा 'इंटरेस्टेड नाही' एवढेच लिहिणे, हीही चूकच. कारण दोन वर्षांनी गरज पडली, तर हीच ओळख उपयोगी पडते. उत्तर स्वतःच्या ईमेलवरून, एक-दोन दिवसांत द्यावे. आशय असा असावा: 'संपर्क केल्याबद्दल आभार. सध्याच्या कामात मी समाधानी आहे, त्यामुळे जबाबदारी स्पष्टपणे मोठी असेल तरच विचार करेन. कंपनीचे नाव, कामाचे ठिकाण, वेतनमर्यादा आणि जागा नवी आहे की कोणी सोडल्याने रिकामी झाली, हे कळवावे. माझ्या लेखी संमतीशिवाय माझी माहिती कोणाकडेही पाठवू नये.'

या प्रश्नांची उत्तरे आली आणि ती पटली नाहीत, तर नकाराचे कारण एका वाक्यात कळवावे: 'सातारा सोडायचा नाही, कराड किंवा शिरवळपर्यंत काही असेल तर जरूर कळवा.'