सराव पाठाचं टाचण काढताना या चुका टाळा: एका छात्राध्यापिकेचं छोटं भाषण

मॅडम, सर आणि आता शाळेवर जाणाऱ्या ज्युनिअर्सनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझ्या प्रस्तावना किती लांबतात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थेट सहावीच्या वर्गात शिरते. घटक होता भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज.

टाचण देखणं होतं. एका रकान्यात माझे प्रश्न, शेजारी मुलांची उत्तरं, आणि सगळी उत्तरं बरोबर. हीच माझी मोठी चूक. फळ्यावर १/२ + १/३ लिहिलं. टाचणात उत्तर होतं ५/६, वर्गातून आलं २/५, तेही एका सुरात! "चूक" म्हणून मी दुसरा हात शोधू लागले. हातच नव्हता. मग लसावि काढून मीच उत्तर लिहिलं, मुलांनी उतरवून घेतलं. पाठनिरीक्षणात शेरा आला, "२/५ कसं आलं, ते विचारलंत का?"

पोरांचा हिशोब सरळ होता. वर एक नि एक दोन, खाली दोन नि तीन पाच. हे उत्तर येणार हे मला घरीच कळायला हवं होतं. म्हणून दुसऱ्या तुकडीसाठी टाचण काढताना आधी चुकीचं उत्तर लिहिलं आणि मग त्यावर काय करायचं ते ठरवलं. १२ सेंटिमीटरची कागदी पट्टी घेतली. (आधी १०ची कापली होती. तिचा तिसरा भाग करताना माझीच फजिती झाली.) तिचं अर्ध ६ सेंटिमीटर, तिसरा भाग ४, दोन्ही जोडून १०. आणि २/५ म्हणजे? ४.८. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, हे तर अर्ध्यापेक्षा कमी झालं!" मग पट्टीचे सहा सारखे भाग केले. अर्ध्यात तीन बसले, तिसऱ्या भागात दोन. समच्छेद का करायचा, हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

दुसरी चूक उद्दिष्टातली. 'विद्यार्थ्यांना बेरीज समजते' असं मी लिहायचे. समजली हे ओळखायचं कशावरून? आता लिहिते, 'विद्यार्थी सममूल्य अपूर्णांक करून बेरीज करतो.' मग मूल्यमापनाचा प्रश्न शोधत बसावं लागत नाही.

वेळेचं थोडक्यात सांगते. पट्ट्या वर्गात कापू नका, घरून कापून न्या. माझी निम्मी तासिका कात्रीत गेली आणि मूल्यमापनाआधीच घंटा झाली.

मूल्यमापनाला १/४ + २/३ द्या, त्याच पट्टीवर ३ आणि ८ मिळून ११ सेंटिमीटर होतात, म्हणजे ११/१२. पण टाचणात त्याच्या शेजारी ३/७ सुद्धा लिहून ठेवा. कोणीतरी ते म्हणणारच.