फ्री प्लेमध्ये फाइन मोटरची चेकलिस्ट भरताय? ‘येत नाही’ लिहायच्या आधी या चुका टाळा

मी बडोद्यात नर्सरीला शिकवते, आणि यातली प्रत्येक चूक मी स्वतः केलेली आहे.

वर्गातल्या एका मुलाला आपण इथे गोट्या म्हणू. वय तीन वर्षं सात महिने. त्याच्या फाइन मोटरच्या पानावर दहापैकी सात रकान्यांत मी ‘नाही’ लिहून ठेवलं होतं. मणी ओवणं नाही, कात्री नाही, चिमटीत धरणं नाही, खडू मुठीत. डिसेंबरच्या पीटीएमला तेच पान आईसमोर ठेवलं आणि ती बिचारी घरी जाऊन रोज संध्याकाळी त्याला पेन्सिल देऊन बसवायला लागली, की हा रडायला सुरुवात.

मग उत्तरायण झालं. सुट्टीनंतर गोट्या खिशात साध्या दोऱ्याचा एक गुंता घेऊन आला (मांजा नाही, मांजा आम्ही दारातच काढून घेतो). फ्री प्लेला घसरगुंडीखाली जाऊन बसला आणि दहा मिनिटं जागचा हलला नाही. डाव्या हातात गुंता धरलेला, उजव्या हाताच्या अंगठा आणि पहिल्या बोटाच्या टोकांनी एकेक फास सैल करून बाहेर ओढतोय, अडला की गुंता फिरवून दुसऱ्या बाजूने बघतोय. आणि माझ्या कागदावर काय, तर ‘चिमटीत धरता येत नाही’.

चूक पहिली: दिसलं नाही म्हणजे येत नाही

फ्री प्लेमध्ये काय खेळायचं ते मूल ठरवतं, आणि गोट्याची चाळीस मिनिटं रोज गाड्या आणि रेतीत जायची. मण्यांच्या टेबलाकडे तो फिरकलाच नव्हता. म्हणजे मी लिहिलं होतं ते त्याच्या आवडीबद्दल, बोटांबद्दल त्यात काहीच नव्हतं.

आता माझ्याकडे हो-नाही नाहीच. तीन खुणा आहेत: ‘द’ म्हणजे आपणहून करताना दिसलं, ‘म’ म्हणजे मदत लागली, ‘सं’ म्हणजे संधीच आली नाही. आणि एकदा दिसलं म्हणून पक्कं धरत नाही, वेगवेगळ्या तीन दिवशी दिसलं पाहिजे, शक्यतो वेगवेगळ्या वस्तूंवर. वर्गात चोवीस मुलं आहेत, रोज चार मुलं ठरवून बघते, प्रत्येकी पाच मिनिटं, त्यामुळे सहा दिवसांत एक फेरी होते. आधी मी सगळ्यांवर एकदम नजर ठेवायचे, तेव्हा मण्यांपाशी बसणारी शांत मुलंच पानं भरून जायची.

दोन फेऱ्या झाल्या तरी ‘सं’च राहिला तर मुलाला उचलून टेबलावर बसवायचं नाही, कारण मग ते फ्री प्ले राहत नाही, परीक्षा होते. वस्तू त्याच्याकडे न्यायची. मी भोकाचे मोठे लाकडी मणी आणि एक नाडी गाड्यांच्या कोपऱ्यात ठेवली, नाडीच्या टोकाला सेलोटेप गुंडाळून ते कडक केलं, आणि नुसतं म्हटलं की ट्रकला टायर न्यायचेत. गोट्याने पहिल्याच दिवशी सहा टायर ओवले.

चूक दुसरी: काय झालं ते लिहिणं, कसं केलं ते न लिहिणं

‘सहा मणी ओवले’ एवढंच लिहिलं तर पुढच्या महिन्यात त्याचा काही उपयोग होत नाही. जरा जवळून बघितलं तर मणी ओवण्यात तीन कामं असतात: टोक भोकात घालणं, मग ते सोडून पलीकडून बाहेर आलेलं टोक दुसऱ्या हाताने पकडणं, आणि मणी खाली ओढणं. गोट्या पहिलं झटकन करायचा, दुसऱ्याला अडकायचा. टोक आत ढकलायचा आणि नाडी सोडून द्यायचा, ती परत बाहेर, की चिडायचा. म्हणजे चिमूट ठीक आहे, एका हाताने सोडून दुसऱ्याने पकडणं अजून बसतंय.

म्हणून आता मी एक वाक्य लिहिते आणि त्यात तीन गोष्टी बघते: कुठली बोटं, दुसरा हात काय करतोय, आणि वस्तू सोडताना काय होतं. त्याचं त्या दिवशीचं वाक्य असं होतं: ‘अंगठा आणि पहिल्या बोटाने टोक घालतो, डावा हात मणी धरून ठेवतो, टोक पकडायच्या आधीच नाडी सोडतो, सहापैकी चार वेळा.’ ‘छान’, ‘कमजोर’, ‘लक्ष नाही’ हे शब्द मी पानावरून हद्दपार केलेत.

सोडण्याकडे तर कोणी बघतच नाही. ठोकळ्यांचा टॉवर पडला की आपण म्हणतो हात थरथरला, पण बऱ्याचदा ठोकळा नीट ठेवलेला असतो आणि बोटं उघडताना धक्का लागतो. ते ठोकळे मोजून कळणार नाही, बोटं बघावी लागतात.

चूक तिसरी: खुर्ची न बघता हाताला दोष देणं

खडू मुठीत धरतो हे मात्र खरं होतं. पण तो बसायचा कशावर? आमच्या टेबलाच्या खुर्चीवर त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत, लटकत असतात, मग तोल सांभाळायला तो अख्खा टेबलावर रेलायचा आणि खांद्यापासून हात ओढायचा. मी त्याच्या डोळ्यांच्या उंचीला भिंतीवर कागद चिकटवला आणि खडूचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुटका तुकडा दिला. उभ्या कागदावर मनगट आपोआप मागे वळतं आणि एवढासा तुकडा मुठीत मावत नाही, बोटांनीच धरावा लागतो. त्याच आठवड्यात त्याची चार बोटांची पकड दिसली, टेबलावर अजून मूठच.

दोन्ही लिहायचं, जागेसकट. साडेतीन वर्षांच्या मुलाची पकड अशी बदलत राहते. पेन्सिल तीन बोटांत धरून नुसती बोटं हलवत लिहिणं साधारण साडेचार ते सहाच्या दरम्यान येतं. पण आमच्याकडे तिसऱ्या वाढदिवसाला आजोबा गुजराती मुळाक्षरांबद्दल विचारतात, कक्को येतो का? 2020च्या शिक्षण धोरणात पहिलीचं वयच सहा आहे हो.

कात्रीचं एक लक्षात ठेवा, कागद कापला न जाता पात्यांमध्ये दुमडतोय तर आधी मूल कुठला हात वापरतंय ते बघा. साधी कात्री उजव्या हाताची असते, डाव्या हातात दाबली की पाती एकमेकांपासून लांब ढकलली जातात आणि कापायची रेघही दिसत नाही. डावऱ्या मुलांसाठी वेगळी कात्री मिळते, एक आणून ठेवा. बाकी या वयात हात बदलत राहणं चालतं, लगेच डावरा-उजवा ठरवू नका.

पण एक हात कायम नुसता लटकलेला आहे, मदतीलाही येत नाही, किंवा आधी जमत होतं ते आता जमेनासं झालंय, किंवा वस्तूकडे नेताना हात कापतो, असं असेल तर फेऱ्या मोजत बसू नका. पान घेऊन पालकांशी बोला आणि मुलांच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा.

गोट्याच्या आईला मी परत बोलावलं, जुनं पान चुकलं होतं हे सांगितलं आणि पेन्सिल बंद करायला सांगितली. ‘मग टीचर, घरी काय करू?’ म्हटलं उंधियूसाठी तुवेर सोलता ना, त्याला शेजारी घेऊन बसा. आता तिची तक्रार अशी की अर्धे दाणे वाटीत पडायच्या आधीच त्याच्या तोंडात जातात.