अंबडमधली कंपनी, ऐंशी लाखांची बिलं आणि शेअर खरेदी करारातली इंडेम्निटी

नाशिकमध्ये कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या कामाला आलेल्या नव्या वकील, सीए किंवा सीएस मुलामुलींना माझं पहिलं सांगणं असतं, की शेअर विकत घेताना आपण यंत्रं, जागा किंवा ऑर्डरी विकत घेत नाही. आपण अख्खी कंपनी घेतो. मालक बदलले तरी कंपनीचा जीएसटी नंबर तोच, पीएफ कोड तोच, बँकेतला इतिहासही तोच राहतो. तीन वर्षांपूर्वी कंपनीकडून काही चुकलं असेल तर त्याची नोटीस नव्या मालकाच्या टेबलावर येते. जुने मालक तोपर्यंत पैसे घेऊन मोकळे झालेले असतात. ड्यू डिलिजन्स म्हणजे खरेदीआधीची तपासणी, वॉरंटी म्हणजे विक्रेत्याचं विधान आणि इंडेम्निटी म्हणजे ठरावीक नुकसान भरून देण्याचं वचन. या तिन्ही गोष्टी या एकाच अडचणीसाठी आहेत. तरीही बहुतेक नवी मुलं त्या वेगवेगळ्या शिकतात आणि त्यांच्यातला दुवा सुटतो. तो दुवा मी एका व्यवहारावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

अंबड एमआयडीसीत शीट मेटलचे ब्रॅकेट बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती. सगळे शेअर दोन भावांकडे. पुण्याच्या एका उद्योजकाने शंभर टक्के शेअर चार कोटींना घ्यायचं ठरवलं आणि आम्ही खरेदीदाराच्या बाजूने होतो. बोलणी २०२४ च्या उत्तरार्धातली. तपासायची कागदपत्रं जिथे असतात ती डेटा रूम म्हणजे इथे ऑफिसातलं एक लोखंडी कपाट, त्यातल्या बॉक्स फाईली आणि अकाउंटंटच्या कॉम्प्युटरमधला टॅली.

आधी सोप्या गोष्टी. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या, पोर्टलवर एका बँकेचा चार्ज, म्हणजे कर्जापोटीचा बोजा, अजून उभा दिसत होता, पण ते कर्ज कधीच फिटलं होतं. हे दुरुस्त होण्याजोगं होतं, म्हणून पैसे देण्याआधी पूर्ण करायच्या अटींमध्ये घातलं: बँकेचं पत्र आणा, बोजा उतरल्याचा सीएचजी-४ फॉर्म भरा, मग क्लोजिंग. एमआयडीसीचा भाडेपट्टाही तसाच. भागधारक बदलले तर महामंडळाची परवानगी किंवा काही रक्कम लागते का, हे पट्ट्यातल्या अटी आणि महामंडळाची पत्रं वाचून आधीच ठरवावं लागतं. सही करण्याआधी जे मिटवता येतं त्यासाठी वॉरंटी मागत बसू नका, ते मिटवूनच घ्या.

खरी गोष्ट जीएसटीत होती. सर्वसाधारणपणे काय करतात, तर खरेदी रजिस्टर आणि पोर्टलवरचं जीएसटीआर-२बी शेजारी ठेवून क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, जुळतं का ते पाहतात. इथे सगळं पैशापैशाला जुळत होतं. जुळणारच, कारण पुरवठादाराने आपल्या विवरणात बिलं दाखवली की ती २बी मध्ये उमटतात. म्हणून मी मोठ्या पुरवठादारांचे जीएसटी नंबर पोर्टलवरच्या ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये एकेक करून टाकायला लावते. काम कंटाळवाणं आहे, पण इथेच पुष्कळ काही सापडतं. स्टीलच्या एका व्यापाऱ्याच्या नावापुढे नोंदणी खात्यानेच रद्द केल्याची नोंद होती, आणि रद्द झाल्याची तारीख मागची होती, थेट नोंदणी घेतल्या दिवसाची. म्हणजे खात्याच्या लेखी तो व्यापारी खरेदीच्या वेळी अस्तित्वातच नव्हता. त्याच्याकडून २०२२-२३ मध्ये ऐंशी लाखांचा माल घेतला होता आणि अठरा टक्क्यांनी १४.४० लाखांचं क्रेडिट वापरून झालं होतं.

आता प्रश्न असा, की माल खरोखर आला होता की नुसती बिलं? केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६ प्रमाणे क्रेडिट मिळायला माल प्रत्यक्ष मिळालेला असावा लागतो, आणि पुरवठादाराने कर सरकारात भरलेला असावा लागतो. दुसरी अट आपल्या हातात नसते. पहिली मात्र तपासता येते. आम्ही गेटवरचं आवक रजिस्टर मागवलं. सिक्युरिटीवाल्याच्या अक्षरात तारीख, गाडी नंबर, ‘कॉइल’ अशा नोंदी होत्या. अकरा बिलांपैकी नऊ बिलांच्या गाड्या त्यात सापडल्या, वजनकाट्याच्या पावत्या आणि ई-वे बिलाशी गाडी नंबरही जुळले. पैसे बँकेतून गेलेले. दोन बिलांचा मात्र कुठे मागमूस नव्हता. थोरल्या भावांना विचारलं तर ते म्हणाले, “मॅडम, तेव्हा गेटवर नवा माणूस होता, लिहायचं राहिलं असेल.” शक्य आहे. पण खात्याला हे उत्तर पुरत नाही.

मग आकडे मांडले. लबाडी नाही असं धरलं तर कलम ७३: कर १४.४० लाख, वर्षाला अठरा टक्के व्याज, म्हणजे तीन वर्षांचं सुमारे ७.७८ लाख, आणि दहा टक्के दंड १.४४ लाख. एकूण साधारण २३.६२ लाख. खात्याने खोट्या बिलांचा आरोप केला तर कलम ७४ लागतं आणि दंड कराइतकाच, शंभर टक्के. मग बेरीज ३६.५८ लाखांवर जाते. चार कोटींच्या व्यवहारात ही रक्कम नऊ टक्क्यांहून जास्त आहे. माझ्या मते ड्यू डिलिजन्स रिपोर्टमध्ये ‘जीएसटीत जोखीम आढळली’ असं लिहून थांबणं म्हणजे अर्धं काम. रिपोर्ट वाचणाऱ्याला रकमेचा आणि मुदतीचा आकडा लागतो, कारण करार त्यावरच बेतायचा असतो.

बोलणी इथे तापली. विक्रेत्यांच्या सीएंचं म्हणणं असं: “आम्ही काही लपवलेलं नाही. डिस्क्लोजर लेटरमध्ये हा व्यापारी आम्ही स्वतः लिहून दिला. करारात कराची वॉरंटी आहेच. आणखी काय हवं?” ऐकायला रास्त वाटतं, पण यातच सगळी मेख आहे. वॉरंटी म्हणजे विक्रेत्याचं विधान: कंपनीने सगळे कर वेळेवर भरले आहेत, क्रेडिट योग्य घेतलं आहे, वगैरे. ते विधान खोटं निघालं तर भरपाई मिळते. पण वॉरंटी डिस्क्लोजर लेटरला, म्हणजे विक्रेत्याने अपवाद लिहून दिलेल्या पत्राला, अधीन असते. जी गोष्ट उघड केली ती वॉरंटीतून वजा होते. म्हणजे त्यांनी प्रामाणिकपणे व्यापाऱ्याचं नाव लिहिल्या क्षणी त्या व्यापाऱ्यापुरती आमची वॉरंटी संपली. न लिहिता सोडलं असतं तरी फार फायदा नव्हता, कारण आम्हाला ते आधीच माहीत होतं, आणि खरेदीदाराला माहीत असलेल्या गोष्टीवरचा दावा वादात अडकतो. भारतीय करार कायद्याच्या कलम १९ मध्येच असं आहे, की चुकीच्या माहितीमुळे संमती दिली असली, पण साधी काळजी घेऊन सत्य कळण्याजोगं होतं, तर करार रद्द करता येत नाही.

म्हणून माझ्या डोक्यात वाटणी सरळ असते. जे सापडलं नाही आणि असू शकतं, त्याच्यासाठी वॉरंटी. जे सापडलं आणि आता मिटवता येत नाही, त्याच्यासाठी नाव घेऊन इंडेम्निटी. वॉरंटीचा आणखी एक उपयोग आहे. ती समोरच्याला बोलतं करते. ‘कोणत्याही कामगाराचा वाद प्रलंबित नाही’ हे वाक्य सहीसाठी पुढे ठेवलं की धाकट्या भावांना लेबर कोर्टातली एक जुनी केस आठवली. कपाटात तिची फाईल नव्हतीच.

इंडेम्निटीत विधान खरं की खोटं हा प्रश्न येत नाही. ‘या व्यापाऱ्याच्या २०२२-२३ च्या बिलांवरून कर, व्याज, दंड किंवा वकिलाचा खर्च आला तर विक्रेते रुपयाला रुपया भरून देतील, खरेदीदाराला हे माहीत असलं तरी,’ असं ते वचन आहे. ‘माहीत असलं तरी’ हे शब्द गाळू नका. वॉरंटीभंगाचा दावा कलम ७३ खाली जातो (हे करार कायद्यातलं, जीएसटीतलं नव्हे). तिथे नुकसान सिद्ध करावं लागतं आणि दूरचं, अप्रत्यक्ष नुकसान मिळत नाही. शिवाय कर कंपनी भरते आणि करार खरेदीदाराशी असतो, त्यामुळे ‘तुमचं स्वतःचं नुकसान किती?’ असा फाटा फुटतो. म्हणून रक्कम खरेदीदाराला किंवा त्याच्या सांगण्यावरून कंपनीला द्यावी, असं आम्ही स्पष्ट लिहिलं. इंडेम्निटीची व्याख्या कलम १२४ मध्ये आहे. पैसे आधी स्वतः भरल्याशिवाय मागता येतात का, याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाने १९४२ मध्ये गजानन मोरेश्वर विरुद्ध मोरेश्वर मदन या खटल्यात दिलं आहे: देणं पक्कं झालं की इंडेम्निटी देणाऱ्याला पुढे बोलावता येतं. तरीही आम्ही करारात ‘मागणीचा आदेश आल्यापासून पंधरा दिवसांत’ असं लिहिलं, म्हणजे त्यावर वाद नको.

मुदतीवरून सगळ्यात जास्त ओढाताण झाली. सर्वसाधारण वॉरंटीसाठी अठरा महिने, एकूण दाव्यांना किमतीच्या पंचवीस टक्क्यांची मर्यादा आणि पाच लाखांखाली दावा नाही, असं ठरलं होतं. हे ठीक आहे, छोट्या व्यवहारात असंच असतं. पण जीएसटीचं घड्याळ वेगळं चालतं. २०२२-२३ च्या वार्षिक विवरणाची मुदत ३१ डिसेंबर २०२३. कलम ७४ खालचा आदेश तिथून पाच वर्षांत, म्हणजे ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत येऊ शकतो, आणि नोटीस त्याआधी किमान सहा महिने द्यावी लागते. अठरा महिन्यांची वॉरंटी तोवर केव्हाच संपलेली असेल. त्यामुळे ही इंडेम्निटी अठरा महिने, पंचवीस टक्के आणि पाच लाख या तिन्ही चौकटींच्या बाहेर ठेवली.

आणि नुसत्या कागदावर विसंबलो नाही. दोघे भाऊ पैसे घेऊन शेती आणि फ्लॅटमध्ये गुंतवणार होते. चार वर्षांनी त्यांच्याकडून छत्तीस लाख वसूल करायला कोर्टात जाणं कोणालाच परवडत नाही. म्हणून किमतीतले ३७ लाख एस्क्रो खात्यात, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यातल्या खात्यात, ठेवले. जून २०२८ अखेरपर्यंत नोटीस आली नाही तर ते विक्रेत्यांना परत, आली तर निकाल लागेपर्यंत तिथेच. थोरले भाऊ नाराज होते. दोन वर्षं ठेवा म्हणत होते. तारखा कागदावर काढून दाखवल्यावर, आणि ठेवीवरचं व्याज त्यांना द्यायचं ठरल्यावर, मानले.

शेवटचं कलम नवी मुलं हमखास विसरतात: भांडण कोण चालवणार? नोटीस पोर्टलवर डीआरसी-०१ म्हणून येते आणि पोर्टलचा पासवर्ड आता खरेदीदाराकडे असतो. गेट रजिस्टरमधली माणसं, वजनकाटा, व्यापाऱ्याशी झालेलं बोलणं हे सगळं मात्र जुन्या मालकांना माहीत असतं. म्हणून करारात लिहिलं, की नोटीस दिसल्यापासून सात दिवसांत विक्रेत्यांना कळवायचं, उत्तराचा मसुदा त्यांना दाखवायचा, त्यांच्या संमतीवाचून तडजोड करायची नाही. आवक रजिस्टर आणि पावत्यांच्या मूळ प्रती कंपनीने २०२८ संपेपर्यंत, आणि केस चालू असेल तर निकालापर्यंत, जपायच्या. आदेश विरोधात गेला आणि अपील करायचं ठरलं तर वादातल्या कराच्या दहा टक्के, इथे १.४४ लाख, आधी भरावे लागतात. ती रक्कम एस्क्रोतून जाईल आणि अपील जिंकल्यास तिथेच परत येईल, इतकंही त्यात घातलं.