ईमेलची सही: तीन-चार ओळी पुरतात

सहीचे तयार साचे शोधू नका. त्यात लोगो, फोटो, रंगीत पट्टी सगळं असतं आणि वाचणाऱ्याला हवा असलेला नंबर शेवटी बारीक अक्षरांत. साधी सही स्वतः टाइप करा.

खरं अवघड काम म्हणजे काय गाळायचं ते ठरवणं. मीही पूर्वी इथेच अडायचो, कारण प्रत्येक ओळ गरजेची वाटते. मग एकच प्रश्न विचारायला लागलो: ही ओळ वाचून समोरचा नेमकं काय करणार?

पुरवठादार कंपनीच्या हिशेब विभागातली सही घ्या. नाव, पदव्या, हुद्दा, कंपनी, घोषवाक्य, दोन फोन, फॅक्स, ईमेल, वेबसाइट, सोशल मीडियाची चिन्हं आणि खाली गोपनीयतेची लांबलचक सूचना. ही सही ग्राहक शोधतो ते बिल अडकल्यावर, फोन करण्यासाठी. घोषवाक्य आणि चिन्हं त्याच्या उपयोगाची नाहीत. ईमेल पत्ता पाठवणाऱ्याच्या जागी दिसतोच. पदवी डॉक्टरच्या सहीत हवी, इथे नको. दोन फोनपैकी जो खरोखर उचलला जातो तोच ठेवा, देशाच्या कोडसकट. गोपनीयतेची सूचना कंपनीने सक्तीची केली नसेल तर काढाच. उरतं एवढं:

```
पूर्ण नाव
बिलं व वसुली, कंपनीचं नाव
फोन: +(देशाचा कोड) नंबर, १० ते ६
```

कामाचं नाव हुद्द्यापेक्षा उपयोगी पडतं. ‘वरिष्ठ सहायक व्यवस्थापक’ वाचून बिलाचं कुणाला विचारायचं ते कळत नाही. एक ओळ मात्र विचारल्याशिवाय काढू नका: ब्रिटन, जर्मनीसारख्या देशांत कंपनीच्या व्यावसायिक ईमेलमध्ये नोंदणीचा तपशील देणं कायद्याने बंधनकारक आहे.

लोगोला माझा ठाम विरोध आहे. बऱ्याच ठिकाणी चित्रं आपोआप उघडत नाहीत, रिकामी चौकट दिसते. काही ठिकाणी लोगो जोडलेली फाइल म्हणून दिसतो. मग बिल जोडलेला ईमेल शोधताना प्रत्येक ‘हो, मिळालं’वर पेपरक्लिपचं चिन्ह. आणि संपूर्ण सहीच चित्र असेल तर नंबर कॉपी करता येत नाही.

Gmail मध्ये Settings, See all settings, General, Signature असं जा. वर्डमधून मजकूर आणत असाल तर Ctrl+Shift+V ने चिकटवा, नाहीतर तिथला फॉन्ट आणि रंगही सोबत येतो आणि गडद थीममध्ये काळी अक्षरं काळ्यावर हरवू शकतात. उत्तरांसाठी वेगळी सही निवडता येते. तिथे नाव आणि फोन बस्स. फोनवरच्या ॲपमधली सही वेगळी तपासा.

शेवटी स्वतःला एक ईमेल पाठवून तो फोनवर, गडद थीममध्ये उघडा. नंबरवर बोट ठेवल्यावर तो डायल व्हायला हवा. होत नसेल तर कोड आणि मधली चिन्हं पुन्हा पाहा.